कुठपर्यंत जाणार?

लांबच्या गाडीत चढताना कुणी कुणाला नमस्कार करत नाही. पहिलं वाक्य असतं, "तुमचा नंबर किती?" नाहीतर, "ही बॅग तुमची का? जरा आत सरकवता?" याला कुणी अभिवादन म्हणणार नाही, पण मला ते तसंच ऐकू येतं. एवढ्यात माणूस आपली जागा सांगतो, समोरच्याची जागा मान्य करतो, आणि पुढचे अठरा-वीस तास आपण एकमेकांच्या उशा-पायथ्याशी असणार आहोत हे कबूल करतो. हे वाक्य मवाळपणे आलं की पुढचा प्रवास सोपा जातो. तेच कुणी तिकीट नाचवत, "उठा, ही आमची सीट आहे," असं म्हटलं, तर वर्ध्यापर्यंत त्या खणातली हवा मोकळी होत नाही.

मी हिंजवडीत नोकरी करते आणि माझं घर भंडाऱ्याजवळ आहे. दिवाळीला, लग्नकार्याला, आईला बरं नसलं की मी महाराष्ट्र एक्सप्रेस धरते. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी ही गाडी तेराशे किलोमीटरहून जास्त धावते आणि कुठंही राज्याची हद्द ओलांडत नाही. तरी दारातला प्रश्न वाटेत बदलत जातो. मिरज-कराडकडे "कुठं निघालाय पाव्हणं?" असतं, अकोल्याला "कुठी चालले भाऊ?" होतं, आणि नागपूरच्या पुढं त्याच प्रश्नाच्या शेवटी हलकेच एक "जी" येऊन बसतो. तो "जी" कानावर पडला की मला घर जवळ आल्यासारखं वाटतं, स्टेशन अजून यायचं असलं तरी.

ही गाडी पुण्यात रात्री येते. हिंजवडीतून त्या मानानं फार लवकर निघावं लागतं, कारण शिवाजी चौक आणि वाकडचा पूल संध्याकाळी किती वेळ खातील याचा नेम नसतो. आपण फलाटावर पोचतो ते घामेजलेले, घाईत, पाठीवर लॅपटॉप घेऊन. आणि डब्यात कोल्हापूर-कराडची मंडळी दुपारपासून बसलेली असतात. त्यांचं जेवण झालेलं, चादरी पसरलेल्या, कुणाचं बाळ नुकतंच झोपलेलं. आपण त्यांच्या घरात रात्री आलेल्या पाहुण्यासारखे असतो. अशा वेळी बोलायचं ते हळू, आणि दोनच गोष्टींपुरतं: माझा नंबर हा, आणि तुम्ही कुठपर्यंत जाणार?

हा दुसरा प्रश्न चौकशीसाठी नसतो, त्याला काम असतं. स्लीपरच्या एका खणात समोरासमोर सहा आणि बाजूला दोन असे आठ जण असतात. त्यांतला मधला बर्थ ही खरी अडचणीची जागा. तो उघडला की खाली कुणाला ताठ बसता येत नाही आणि तो मिटला की मधल्याला झोपता येत नाही. म्हणून रेल्वेनं वेळ ठरवून दिली आहे. 2017 पासून झोपेची वेळ रात्री 10 ते सकाळी 6 अशी आहे, आधी ती 9 पासून धरत असत. या वेळेबाहेर खालच्यानं वरच्यांना बसायला जागा द्यायची. आजारी, अपंग माणूस किंवा गरोदर बाई असेल, तर इतरांनी सांभाळून घ्यावं असंही रेल्वेनं सांगितलं आहे. पण नियम खणात येऊन बसत नाही. कोण अहिल्यानगरला मध्यरात्री उतरणार, कोण मनमाडला पहाटे, कोणाला शेवटपर्यंत जायचं आहे, हे ठाऊक असलं की कोणता बर्थ कधी खाली होईल, सामान कुणाचं पुढं ठेवायचं, गजर कुणाच्या फोनवर लावायचा, हे आपोआप ठरतं. "मनमाडला मला उठवाल का?" असं एखाद्या अनोळखी माणसाला विचारता येणं आणि त्यानं "झोपा निश्चिंत" म्हणणं, यात केवढा विश्वास आहे! इतका विश्वास आम्ही ऑफिसच्या बसमध्ये वर्षभर शेजारी बसणाऱ्यावर टाकत नाही. त्या बसमध्ये प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पट्टी असते, आणि नाव दिसत असल्यामुळेच की काय, कुणी विचारत नाही.

पूर्वी गाडीच्या दारालाही अशी एक पट्टी असायची. आरक्षणाचा तक्ता डब्याबाहेर चिकटवलेला असे, आणि त्यावर बर्थचा नंबर, पूर्ण नाव, स्त्री की पुरुष, वय, सगळं छापलेलं. लहानपणी बाबा आमचा नंबर शोधायचे तेव्हा आई मात्र आजूबाजूची नावं वाचायची. बायका किती आहेत, कुटुंब आहे की एकटे पुरुष, हे ती बघून घ्यायची, आणि तिच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पण त्याच तक्त्यावर प्रत्येकाचं आडनावही असे. माणूस दारात दिसायच्या आधी त्याचं आडनाव वाचलेलं असे, आणि आपल्याकडं आडनाव वाचलं की काय काय वाचून होतं ते सांगायला नको. 2018 पासून मोठ्या स्थानकांवर हे तक्ते डब्यावर लावणं रेल्वेनं बंद केलं. कागद वाचावा हा त्यामागचा हिशेब, फोनवर सगळ्यांना नंबर कळतोच हे कारण. मला मात्र त्या कागदाबरोबर आणखी एक गोष्ट गेली असं वाटतं. आता माणूस गाडीत चढतो तो नुसता बत्तीस नंबर म्हणून चढतो. आपल्याविषयी काय सांगायचं आणि काय नाही, हे त्याच्या हातात आलं आहे. ज्याला जाणून घ्यायचंच आहे, त्याला आता तोंडानं विचारावं लागतं.

आणि लोक विचारतात. एका दिवाळीतला खण मला नीट आठवतो. समोर कराडहून बसलेलं शिक्षकी पेशातलं निवृत्त जोडपं होतं. लेकीच्या बाळंतपणासाठी वर्ध्याला निघालेलं. माझ्या वरच्या बर्थवर नागपूरला शिकणारा मुलगा, तोही सातारा भागातूनच चढलेला. बाजूच्या खालच्या बर्थवर आरएसीवाले दोन अनोळखी गृहस्थ, एकाच जागेत पाय आखडून रात्रभर बसलेले. मी चढले तेव्हा काकूंनी काही न विचारता आपली पिशवी उचलून पायाशी घेतली आणि मला पाणी हवंय का एवढंच खुणेनं विचारलं. त्या रात्रीचं आमचं बोलणं तेवढंच.

खरं बोलणं सुरू होतं ते जळगाव-भुसावळच्या सुमाराला, चहावाल्याच्या आवाजानं. मधला बर्थ खाली होतो, सगळे एका पातळीवर येतात, पांघरुणांच्या घड्या होतात. काकूंनी डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कडाकण्यांसारखं काहीतरी. "घे बाई." मी म्हटलं, "नको काकू, आत्ताच चहा झाला." त्यांनी पुन्हा आग्रह केला, मी एक दशमी घेतली. आपल्याकडं पहिला नकार हा रीतीचा असतो, दुसरा खरा असतो. दुसऱ्या नकारानंतर आग्रह थांबवावा, विशेषतः गाडीत. कारण गाडीत नकार देणाऱ्याला भूक नसते असं नाही, त्याला भीती असते. बिस्किटातून, चहातून गुंगीचं औषध देऊन लुटणाऱ्या टोळ्या ही ऐकीव गोष्ट नाही. अनोळखी माणसाकडून खाणं-पिणं घेऊ नका अशी सूचना स्टेशनवर वाजत असते ती त्यामुळंच. सीलबंद पुडा म्हणजे खात्री, असंही मानू नये. चढल्या चढल्या फार जवळीक दाखवणारा, आपण कुठं उतरणार आणि बरोबर कुणी आहे का हे खोदून विचारणारा, आणि स्वतः न खाता दुसऱ्याला खायला लावणारा माणूस दिसला की सावध व्हावं. भलत्या वेळी कुणी गाढ झोपलं आहे, हाक मारून उठत नाही, जीभ जड झाली आहे, असं दिसलं तर दमला असेल म्हणून सोडून देऊ नये. टीसीला सांगावं, 139 वर फोन करावा. काकूंनी मात्र डब्यातली पहिली दशमी स्वतः मोडून खाल्ली होती आणि दुसरी काकांना दिली होती. बहुधा सवयीनंच. पण वाढण्याचा तो क्रम मला फार सभ्य वाटला. पाहुण्याला काही पटवून सांगावं लागत नाही, त्याला दिसतं.

मग प्रश्न सुरू झाले. "पुण्यात कुठं असतेस?" हिंजवडी म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला, त्यांचा भाचाही तिथंच होता. "कुठल्या कंपनीत गं तू?" इथपर्यंत ठीक. आम्ही कामाला लागतो तेव्हा आम्हाला शिकवतातच की ग्राहकाचं नाव, कामाचा तपशील चारचौघांत बोलायचा नाही, लॅपटॉप उघडा टाकायचा नाही. त्यामुळे "एका विम्याच्या सॉफ्टवेअरचं काम आहे" एवढं उत्तर माझ्या तोंडात तयार असतं. ते खोटं नसतं आणि पुरेसं असतं. मग पगार, मग लग्न. या दोन प्रश्नांचा मला राग येत नाही. माझ्या आईच्या वयाच्या बाईला दुसरीशी नातं जोडायचे दोनच रस्ते ठाऊक असतील, तर ती त्याच रस्त्यांनी येणार. "घर चालतं काकू," आणि "बघू, आईबाबा आहेत ना," ही माझी उत्तरं. ती दिल्यावर मी त्यांना लेकीविषयी विचारलं, कितवा महिना, दवाखाना कुठला. बोलणं त्यांच्याकडं वळलं आणि त्या खुलल्या. डोहाळजेवणाला काय काय केलं होतं ते अकोल्यापर्यंत पुरलं. उत्तर छोटं द्यावं आणि उलट प्रश्न मनापासून विचारावा, यानं समोरच्याचा मान राहतो आणि आपलं दारही लोटलेलं राहतं. हे मी गाडीतच शिकले.

उलट प्रश्नावरूनच समोरच्याला बोलायचं आहे की नाही तेही कळतं. आपण विचारलं, त्यानं उत्तर दिलं, पण आपल्याला काही विचारलं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा एका शब्दाचं उत्तर. इथं थांबायचं. तिसरा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला नाही. त्याच्या मनात काय चाललंय आपल्याला ठाऊक नसतं. दिवाळीच्या गाडीत सगळेच सणाला चाललेले नसतात. कुणी दवाखान्यात, कुणी तेराव्याला, कुणी नोकरी गेल्याचं घरी कसं सांगावं याच्या विचारात. आरएसीवाले ते दोघे रात्रभर एकमेकांच्या गुडघ्यांना गुडघे लावून बसले होते आणि सकाळपर्यंत त्यांच्यात "पाय लांब करा, मी बसतो थोडा वेळ" यापलीकडं शब्द झाला नव्हता. मला त्यात तुसडेपणा दिसला नाही. एक झोपला की दुसरा जागा राहत होता. आळीपाळीनं. त्यापेक्षा जास्त ओळख त्या दोघांना नको होती.

वरच्या बर्थवरचा मुलगा खाली उतरला तेव्हा काकूंनी त्यालाही दशमी दिली. काकांनी अभ्यासाची विचारपूस केली, गणिताचं एक पुस्तक सुचवलं. जुने शिक्षक, विद्यार्थी दिसला की त्यांना राहवत नाही. मुलगाही मोकळा बोलत होता. नाव विचारलं, त्यानं सांगितलं. काका म्हणाले, "पुढं?" मुलानं गावाचं नाव सांगितलं. काका हसून म्हणाले, "अरे गाव नव्हे, आडनाव." आवाजात काहीही कडवट नव्हतं. पण मुलगा क्षणभर थांबला, आणि त्या थांबण्यात त्यानं याआधी किती वेळा हा प्रश्न ऐकला असेल ते मला दिसलं. मी मध्येच चहावाल्याला हाक मारली, सगळ्यांसाठी चहा सांगितला आणि काकांना विचारलं, तुमच्या वेळी सातवीची परीक्षा कशी असायची? काकांना विषय आवडला. मुलानं चहाचा कप घेताना माझ्याकडं पाहिलं नाही, मीही त्याच्याकडं पाहिलं नाही.

मला मसूर आठवलं. आदल्या संध्याकाळी हीच गाडी तिथून आली होती. सातारा आणि कराडच्या मधलं हे लहानसं स्टेशन. 1901 साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर घरच्या लहान मुलांबरोबर साताऱ्याहून रेल्वेनं इथं उतरले होते. दुष्काळी कामावर रोखपाल असलेल्या वडिलांकडं निघाले होते. नवे कपडे, डोक्यावर भरजरी टोप्या, पहिल्यांदाच आगगाडीत बसल्याचा आनंद. वडिलांना पत्राचा निरोप पोचला नव्हता, त्यामुळे न्यायला कुणी आलं नाही. स्टेशन मास्तरनं मुलं ताटकळलेली पाहिली आणि आपुलकीनं चौकशी केली, कुठं जायचंय, कुणाची वाट बघताय. त्यांच्या कपड्यांवरून, बोलण्यावरून त्याला ती ब्राह्मणाची मुलं वाटली. मग त्यानं विचारलं, तुम्ही कोण? छोट्या भीमरावांनी विचार न करता खरं सांगून टाकलं. मास्तरचा चेहरा बदलला आणि तो निघून गेला. अर्ध्या तासानं परत आला तेव्हा गाडीवानांना विचारून झालं. दुप्पट भाडं मिळालं तरी महारांच्या मुलांना गाडीत बसवून हाकायला कुणी तयार नव्हतं. शेवटी दुप्पट पैसे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं, असं ठरलं. पुढं त्यांना रात्रभर प्यायला पाणीही नीट मिळालं नाही. बाबासाहेबांनी हे सगळं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

त्यात मला सर्वांत जास्त लागतं ते त्या मास्तरचं आधीचं वागणं. तो वाईट माणूस असता तर गोष्ट सोपी होती. तो चांगला वागत होता. मुलांची काळजी त्याला खरोखर वाटली होती. त्या काळजीला पुरेशी कारणं त्याच्या डोळ्यांसमोर होती: लहान मुलं, मावळता दिवस, न आलेला माणूस. "कुठं जायचंय?" एवढ्यावर तो थांबला असता, तर त्याच्या हातून एक चांगलं काम झालं असतं. पुढच्या प्रश्नाची त्याला काहीएक गरज नव्हती.

आमच्या खणातले काका आणि तो मास्तर यांना मी एका ओळीत बसवत नाही. मुलाचं आडनाव कळलं असतं तर काकांनी दशमी परत घेतली असती, असं मला मुळीच वाटत नाही. पण ते मला वाटतं, आणि त्या मुलाला ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. त्याला दर वेळी नव्यानं अंदाज बांधावा लागतो. हिंजवडीत आम्ही सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतो, साहेबांनासुद्धा. आडनाव महिनोन् महिने कळत नाही. पण त्याच मंडळींपैकी कुणी मारुंजीला, वाकडला भाड्यानं खोली बघायला गेलं की दारात पहिल्या पाच मिनिटांत आडनाव विचारलं जातं आणि मग खोली "आत्ताच गेली" असते. हे मी माझ्या मैत्रिणीबरोबर जाऊन पाहिलं आहे. म्हणून मी गाडीत कुणाला आडनाव विचारत नाही. कुणी आपणहून सांगितलं तर ऐकते. मला कुणी विचारलं तर नाव सांगते, गाव सांगते, आणि पुन्हा विचारलं तर "गावानंच ओळखा ना" म्हणते. माझं आडनाव सांगितल्यानं मला काही तोटा होणार नाही, हे मला माहीत आहे. तरीही सांगत नाही. खणातल्या सगळ्यांनी सांगितलं आणि एकानंच सांगितलं नाही, तर त्याचं न सांगणं उघडं पडतं. मी सांगितलं नाही, तर तो एकटा पडत नाही.

वर्धा जवळ आलं तशी काकूंनी डबे बांधले. त्या म्हणाल्या, "फोन नंबर देऊन ठेव, पुण्याला आलो की येऊ." मी त्यांचा नंबर लिहून घेतला आणि म्हटलं, "बाळ झाल्यावर मीच फोन करीन." एकट्यानं प्रवास करणाऱ्या बाईनं आपला नंबर देण्यापेक्षा समोरच्याचा घ्यावा, हे मला बरं वाटतं. फोन करायचा की नाही, कधी करायचा, हे मग आपल्याकडं राहतं. मुलगा मागून दोन पिशव्या घेऊन दारापर्यंत गेला. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पुस्तकाचं नाव पुन्हा एकदा सांगितलं, लेखकासकट. त्यानं ते फोनमध्ये टिपून घेतलं.

नागपूरला मुलगा उतरला आणि खण भरला तो रोज जाऊन-येऊन करणाऱ्या लोकांनी. आरक्षण नसतं, तरी तास-दोन तासांसाठी ते "बसू का जी थोडं?" म्हणत टेकतात. कारकून, शिक्षिका, दवाखान्यातली परिचारिका. त्यांना एकमेकांच्या घरातलं सगळं ठाऊक होतं, कुणाच्या बदलीचं काय झालं, कुणाच्या धानाला काय भाव मिळाला, सासू रागावून कुठं गेली. त्यांच्यापैकी एकीनं मला विचारलं, "कुठं चालले जी?" मी म्हटलं, "भंडारा रोड." ती म्हणाली, "मग बसा आरामात, वरठी आलं की सांगते," आणि वाटाणे सोलत पुन्हा आपल्या गप्पांत गेली.